व्हील जड केलं आणि टायर मुके झाले

नवीन स्टिअरिंग व्हील पीसीला जोडलं की आपण सगळ्यात आधी काय करतो? फोर्स फीडबॅक फुल्ल! मीही तेच केलं होतं. लॉजिटेक जी-29, गेम असेट्टो कोर्सा, आणि गेममधला Gain थेट 150 वर. हात भरून यायचे, वाटायचं काय रिअल आहे राव! पण मोंझाच्या शेवटच्या लांब उजव्या वळणावर, पॅराबोलिकावर, गाडी दरवेळी सरळ बाहेर. आणि हाताला आधी काहीच कळायचं नाही.

कारण असं. पुढचे टायर ग्रिप सोडायला लागले की स्टिअरिंग हलकं होतं. तीच आपली वॉर्निंग. समजा गेमच्या हिशोबाने वळणात जोर 80 टक्के आहे आणि टायर घसरताना तो 70 वर येतो. हा फरक हाताला कळतो. आता Gain 150 केला की 80 चे होतात 120 आणि 70 चे 105. पण गेम 100 च्या वर सिग्नल पाठवूच शकत नाही. दोन्ही वेळा व्हीलला 100 च मिळतात. फरक गायब! यालाच क्लिपिंग म्हणतात.

ओळखायचं कसं? गेममधलं पेडल्सचं छोटं ॲप स्क्रीनवर ठेवा. त्यात फोर्स फीडबॅकची पट्टी असते, क्लिपिंग झालं की ती लाल होते. माझी तर अख्ख्या वळणभर लाल होती. मग नमपॅडच्या मायनसने त्या गाडीचा जोर कमी करत गेलो. कर्बवर क्षणभर लाल झाली तर चालतं, लांब वळणात नको. आणि हो, कमी करायचं ते गेममध्येच. ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये कमी केलंत तर व्हील फक्त हलकं होतं, कापलेला सिग्नल कापलेलाच राहतो.

दुसरी गोष्ट रोटेशन. मी कुणाचं तरी ऐकून ड्रायव्हरमध्ये 540 डिग्री ठेवलेले, गेमला मात्र 900 सांगितलेले. म्हणजे मी 90 डिग्री फिरवलं की गेमला वाटायचं 150 फिरवलं! गाडी उगाच चळवळी वाटायची. दोन्हीकडे 900 ठेवा, प्रत्येक गाडीचं स्टिअरिंग किती फिरतं ते गेम स्वतः बघतो. तपासायला सोपं आहे: रोडकार घ्या, व्हील 90 डिग्री फिरवा, स्क्रीनवरचं व्हीलही तितकंच फिरायला हवं.

आता माझं व्हील आधीपेक्षा हलकं लागतं. पहिले दोन दिवस खेळणं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या दिवशी पॅराबोलिकावर व्हील किंचित सैल झालेलं जाणवलं, मी थ्रॉटल थोडा सोडला आणि गाडी ट्रॅकवरच राहिली. तुमची पट्टी किती वेळ लाल असते, बघून कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला!