पिवळ्या चौकटीत लिहा, बाकीला कुलूप लावा

आज बोलायचं आहे ते गटाच्या महिन्याच्या तक्त्याबद्दल. वही तर आपण लिहितोच, पण आता तोच हिशोब संगणकावर एक्सेलच्या शीटमध्ये भरून प्रभागसंघाकडे पाठवावा लागतो. गावागावात भरणारी ताई वेगळी, शीट मात्र एकच. पतसंस्थेच्या शाखांचं असंच असतं. मुख्य कार्यालय नमुना बनवतं आणि शाखेतली माणसं त्यात आकडे भरतात. त्या नमुन्यात भरणाऱ्या ताईला हात कुठे लावता यावा आणि कुठे लावता येऊ नये, एवढीच आजची गोष्ट आहे.

चिखलदऱ्यासारख्या डोंगरी तालुक्यात ही गोष्ट जास्त महत्त्वाची. सेमाडोह, काटकुंभ, चुरणी अशा गावांतून आलेली शीट चुकीची निघाली, तर ती दुरुस्त करायला फोन लागेलच असं नाही. पावसाळ्यात तर एका चुकीपायी पुन्हा घाट चढावा लागतो.

आधी एक साधी शीट डोळ्यांपुढे आणा. डावीकडे नावं, उजवीकडे आकडे. चौथ्या ओळीत आरंभीची शिल्लक. मग बचत, कर्जाची परतफेड, व्याज आणि इतर जमा. त्याखाली नवीन दिलेलं कर्ज आणि खर्च. अकराव्या ओळीत अखेरची शिल्लक. ही शेवटची रक्कम आपण लिहायची नसते, ती शीट काढते. त्या चौकटीत सूत्र असतं:

```
=B4+B5+B6+B7+B8-B9-B10
```

म्हणजे जमा मिळवा, खर्च आणि दिलेलं कर्ज वजा करा. यात बी हा रकाना आणि त्यापुढचा आकडा ही ओळ.

आता एप्रिलचा हिशोब मांडू. समजा, गटात ११ बाया आहेत आणि बचत प्रत्येकी १०० रुपये. आरंभीची शिल्लक ४,२५०. बचत १,१००, परतफेड २,५००, व्याज ३६०, इतर जमा काही नाही. नवीन कर्ज ५,००० आणि खर्च ४०. शिल्लक आली ३,१७०. इथवर ठीक.

पुस्तक लिहिणाऱ्या ताईला वाटलं, आकडा पक्का करून टाकावा. तिने अखेरच्या शिल्लकेच्या चौकटीवर जाऊन स्वतःच ३१७० टाइप केलं. दिसायला काहीच बदललं नाही, पण आतलं सूत्र पुसलं गेलं. संध्याकाळी एक बाई राहिलेला ५०० रुपयांचा हप्ता घेऊन आली. ताईने परतफेडीत २,५०० चे ३,००० केले. शिल्लक ३,६७० व्हायला हवी होती, ती ३,१७० वरच अडून बसली. मे महिन्याची आरंभीची शिल्लकही तीच धरली गेली. पेटीत ५०० रुपये जास्त आणि कागदावर कमी. पुढे कधी ती बाई म्हणणार, "काहून बाई, पैसे तं भरले मी!" हेच उलटं झालं, म्हणजे संध्याकाळी हप्त्याऐवजी ५०० चं कर्ज दिलं असतं, तर पेटीत ५०० कमी दिसले असते आणि सगळ्यांचं बोट कोषाध्यक्ष बाईकडे गेलं असतं. पैसा कुणी खाल्ला नाही, सूत्र पुसलं गेलं एवढंच.

हे ओळखायचं कसं? शिल्लकेच्या चौकटीवर एकदा क्लिक करा आणि वरच्या लांब पट्टीत पाहा. तिथे बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं सूत्र दिसलं तर ठीक. नुसता आकडा दिसला, तर कुणीतरी तो हाताने लिहिला आहे.

पण दरवेळी पाहत बसण्यापेक्षा ती चौकट बंद करून ठेवणं बरं. ते काम नमुना बनवणारीने एकदाच करायचं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, बहुतेक जणी इथेच अडतात. एक्सेलमध्ये सुरुवातीपासून प्रत्येक चौकटीवर कुलपाची खूण असतेच, फक्त किल्ली फिरवलेली नसते. म्हणून आधी ज्या चौकटी उघड्या ठेवायच्या त्यांची खूण काढायची आणि मगच किल्ली फिरवायची. क्रम चुकला की सगळी शीट बंद होते आणि ताईला बचतही लिहिता येत नाही.

क्रम असा. बचतीपासून खर्चापर्यंतच्या, म्हणजे पाचव्या ते दहाव्या ओळीतल्या आकड्यांच्या चौकटी निवडा आणि त्यांना फिकट पिवळा रंग द्या. त्या निवडलेल्या असतानाच कंट्रोल आणि १ ही बटणं एकत्र दाबा. खिडकी उघडेल, तिच्यात `Protection` वर जा, `Locked` समोरची बरोबरची खूण काढा आणि `OK` करा. मग वरच्या `Review` मध्ये `Protect Sheet` दाबा, पासवर्ड द्या, तोच पुन्हा लिहा. झालं. आता पिवळ्यात लिहिता येतं, बाकी ठिकाणी लिहू गेलं की शीट अडवते. टॅबचं बटण दाबलं की एका पिवळ्या चौकटीतून थेट दुसऱ्या पिवळ्या चौकटीत जाता येतं.

त्याच खिडकीत `Select locked cells` असा पर्याय असतो. तो चालू राहू द्या, असं माझं सांगणं आहे. त्यामुळे बंद चौकटीत बदल करता येत नाही, पण क्लिक करून सूत्र पाहता येतं. शिल्लक कशी आली हे गटातल्या कोणत्याही बाईला पाहता आलं पाहिजे. कुलूप हात लावण्याला असावं, पाहण्याला नसावं.

आरंभीची शिल्लकही बंदच ठेवा. वर्षाच्या पहिल्या महिन्यात ती हाताने भरायची, पुढे ती मागच्या महिन्याच्या शिल्लकेवरून सूत्रानेच यावी.

आता मांडणीला कुलूप कशाला? कुणाला वाटतं, दंडासाठी मध्येच एक ओळ घातली तर काय बिघडलं? गावात काही बिघडत नाही, बिघडतं प्रभागसंघात. तिथली एकत्र शीट प्रत्येक गावाच्या फाइलमधून ठरलेल्याच चौकटीतला आकडा उचलते. पाचवी ओळ म्हणजे बचत, सहावी म्हणजे परतफेड. एका गावाने वर एक ओळ वाढवली की त्या गावाची बचत परतफेडीत जाऊन बसते. बेरीज येते आणि खरीही वाटते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. शीट बंद असली की नवीन ओळ घालताच येत नाही.

पण कुलूप लावलं म्हणजे गरज संपली असं नाही. दंड आला आणि त्याला जागाच नसली, तर ताई तो व्याजात घुसवेल. म्हणून `इतर जमा` ही ओळ पहिल्यापासून ठेवा आणि आकड्याच्या शेजारी शेऱ्यासाठी एक पिवळी चौकट द्या. तिथे ती `दंड` असं लिहून मोकळी होईल.

पिवळ्या चौकटीतही काहीही लिहिलेलं चालत नाही. आपल्याला ५०० च्या पुढे आडवी रेघ ओढून `500/-` लिहायची सवय आहे. एक्सेल त्याला आकडा मानत नाही, अक्षरं मानतं. ओळखायची खूण सोपी आहे. आकडा चौकटीत उजवीकडे बसतो, अक्षरं डावीकडे. डावीकडे चिकटलेली रक्कम दिसली की थांबा. हे आधीच रोखायचं असेल, तर कुलूप लावण्यापूर्वी `Data` मध्ये `Data Validation` उघडा. तिथे `Whole number` निवडा, त्याखाली `greater than or equal to` निवडा आणि सर्वात लहान आकडा शून्य ठेवा. चूक झाली की दिसणारा संदेशही मराठीत लिहिता येतो: `फक्त आकडा लिहा`.

तरीही दोन वाटांनी चूक आत शिरते. पहिली, दुसऱ्या फाइलमधून कॉपी करून पेस्ट करणं. त्यासोबत तिथलं कुलूप आणि रंगही येतो. घातलेला नियम पुसला जातो, आणि पिवळी चौकट बंद होऊन बसते. दुसरी जास्त वाईट, ती म्हणजे कट करून पेस्ट करणं. बचतीत चुकून लिहिलेली रक्कम कट करून परतफेडीत टाकली, की बंद सूत्रही तिच्या मागे जातं. शिल्लकेत `#REF!` दिसतं. तसं दिसलं की ती फाइल दुरुस्त करत बसू नका, कोरा नमुना घेऊन पुन्हा भरा. म्हणून भरणाऱ्या ताईला एकच सांगा: आकडा चुकला तर डिलीट करा आणि नव्याने टाइप करा.

शेवटची राखण म्हणजे पडताळणीची चौकट. खाली दोन पिवळ्या चौकटी ठेवा. तेराव्या ओळीत पेटीतली मोजलेली रोख, चौदाव्या ओळीत बँक पासबुकाची शिल्लक. पंधराव्या ओळीत फरकाचं बंद सूत्र:

```
=B13+B14-B11
```

आपल्या एप्रिलमध्ये रोख १,६७० आणि बँकेत २,००० असते, तर एकूण झाले ३,६७०. पुसलेल्या सूत्राची शिल्लक ३,१७०. फरक आला ५००. त्याच संध्याकाळी, पैसे आणणारी बाई समोर असतानाच, चूक कळली असती. फरक शून्य आल्याशिवाय फाइल पाठवायची नाही, असा नियम ठेवा.

पासवर्ड एकीच्याच डोक्यात ठेवू नका. कागदावर लिहून, पाकिटात घालून प्रभागसंघाच्या कपाटात ठेवा. आणि हे कुलूप तिजोरीचं आहे असंही समजू नका. जाणकार माणूस ते उघडू शकतो. ते आहे चुकून लागणाऱ्या हातासाठी. बैठकीत सगळ्यांसमोर वाचलेली आणि सह्या झालेली वही हाच आपला मूळ पुरावा, शीट तिच्यावरून भरायची.

नमुना गावांत पाठवण्याआधी एक काम करा. ज्या ताईला संगणक नवीन आहे तिला तो द्या आणि म्हणा, "ताई, यात काय बिघडवता येतं ते बिघडवून दाखव." तिला पिवळ्याबाहेर काहीच लिहिता आलं नाही, आणि पिवळ्यात सगळं लिहिता आलं, तर तो नमुना पाठवा.