सहा रंगांचा नकाशा

दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडला म्हणजे प्रथम डोळ्यांत भरतो तो ब्राझील. त्या खंडाच्या मुख्य भूमीवर बारा स्वतंत्र राष्ट्रें आणि फ्रान्सच्या सत्तेखालचा फ्रेंच गियाना असे एकंदर १३ मुलुख आहेत. त्यांपैकीं चिली व इक्वेडोर हे दोन वगळले, तर बाकीच्या दहाहि मुलुखांशीं ब्राझीलची सीमा भिडलेली आहे. आतां अशी कल्पना करावी कीं, एका चिताऱ्याकडे हा नकाशा रंगविण्याचें काम आलें आहे. त्याच्याजवळ सहाच रंग आहेत, आणि शेजारशेजारच्या दोन मुलुखांस एकच रंग द्यावयाचा नाहीं एवढीच अट आहे. सीमा भिडणें म्हणजे रेषेनें भिडणें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील युटा आणि न्यू मेक्सिको यांच्याप्रमाणें ज्यांचे नुसते कोपरे एका टिंबावर मिळतात, ते शेजारी धरावयाचे नाहींत.

चिताऱ्यानें किनाऱ्याकिनाऱ्यानें काम सुरू केलें. पेरूस तांबडा, कोलंबियास पिवळा, व्हेनेझुएलास निळा, गियानास जांभळा, सुरिनामास तपकिरी आणि फ्रेंच गियानास हिरवा रंग त्यानें दिला. अट कोठेंहि मोडली नाहीं. पण शेवटीं ब्राझीलशीं येऊन पोंचतांच त्याचा हात थांबला, कारण सहाहि रंग ब्राझीलच्या शेजाऱ्यांनीं आधींच वांटून घेतले होते. चूक रंगांच्या तुटवड्याची नाहीं, क्रमाची आहे. योग्य क्रम प्रत्येक नकाशासाठीं सांपडतोच कीं नाहीं, हा खरा प्रश्न. तो सांपडतो, आणि कां सांपडतो याचें उत्तर एका साध्या मोजणींत आहे.

प्रथम नकाशाचें रूप थोडें पालटून घेतलें पाहिजे. प्रत्येक मुलुखाच्या राजधानीच्या जागीं एक बिंदु मांडावा. ज्या दोन मुलुखांची सीमा भिडते, त्यांचे बिंदु त्या सीमेवरून जाणाऱ्या एका रेषेनें जोडावे. दोन मुलुख दोन निरनिराळ्या ठिकाणीं भिडत असले, तरी रेषा एकच काढावी. अशा रीतीनें जी आकृति तयार होते, तिला गणिती लोक आलेख म्हणतात. आणि तिच्यांतील रेषा एकमेकींस छेदीत नाहींत, म्हणून तो प्रतलीय आलेख. दक्षिण अमेरिकेच्या आलेखांत १३ बिंदु आणि २५ रेषा येतात. पनामा खंडाबाहेरचा, म्हणून तो हिशेबांत धरलेला नाहीं. या रेषांनीं कागदाचे जे तुकडे पाडले त्यांस घरें म्हणावें, आणि बाहेरचा अमर्याद मोकळा भाग हेंहि एक घर समजावें. म्हणजे घरें १४ होतात. तेरांतून पंचवीस वजा करून चौदा मिळविले, तर बाकी दोन राहते.

ही दोनाची बाकी योगायोगाची नव्हे. बिंदूंतून रेषा वजा करून घरें मिळवावीं, कीं उत्तर नेहमीं दोनच येतें, हा नियम लेओनार्ड ऑयलर यानें १७५० मध्यें घनाकृतींच्या संदर्भांत मांडला. त्याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. आकृतींत कोठें बंद वेढा असेल, तर त्या वेढ्याची एक रेषा पुसून टाकावी. रेषा एक कमी झाली आणि तिच्या दोन बाजूंचीं दोन घरें एक झालीं. एक वजा, एक वजा, म्हणून बाकी तीच राहिली. असें पुशीत गेलें म्हणजे अखेर एकहि वेढा उरत नाहीं, झाडाच्या फांद्यांसारखी आकृति राहते. झाडाला रेषा बिंदूंपेक्षां एकानें कमी असतात आणि घर काय तें बाहेरचें एकच. तेव्हां उत्तर एक अधिक एक, दोन. आकृति मात्र एकसंध पाहिजे. ती तुटक असेल तर प्रत्येक तुकड्याचा हिशेब स्वतंत्र करावा.

आतां मुख्य मोजणी. आलेखांत निदान तीन बिंदु आहेत असें धरावें. त्याहून कमी असतील तर प्रश्नच उरत नाहीं. दोन बिंदूंमध्यें एकच रेषा असल्यामुळें कोणत्याहि घराला तीनांहून कमी बाजू असूं शकत नाहींत. प्रत्येक रेषेला बाजू दोन. म्हणून सर्व घरांच्या बाजूंची बेरीज रेषांच्या बरोबर दुप्पट भरते. अर्थात् घरांची तिप्पट ही रेषांच्या दुपटीहून अधिक होऊं शकत नाहीं. ही गोष्ट ऑयलरच्या नियमाशीं जुळविली म्हणजे असें निघतें कीं, रेषा फार तर बिंदूंच्या तिपटीहून सहानें कमी असतात. तेरा बिंदु असतां रेषांची मर्यादा ३३. दक्षिण अमेरिकेंत त्या २५ आहेत.

रेषेला दोन टोंकें असतात. म्हणून प्रत्येक बिंदूचे शेजारी मोजून सर्व बिंदूंची बेरीज केली, तर ती रेषांच्या दुप्पट येते, म्हणजे बिंदूंच्या सहापटीहून निदान बारानें कमी. जर प्रत्येक बिंदूस सहा किंवा अधिक शेजारी असते, तर हीच बेरीज सहापट किंवा त्याहून मोठी भरली असती. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकत नाहींत. तेव्हां पांच किंवा त्याहून कमी शेजारी असलेला एक तरी बिंदु प्रत्येक प्रतलीय आलेखांत असलाच पाहिजे. ब्राझीलसारखा दहा शेजाऱ्यांचा दांडगा मुलुख असला, तर त्याची भरपाई कोठें तरी उरुग्वेसारख्या दोन शेजाऱ्यांच्या मुलुखांनीं करावीच लागते.

पांचाच्या जागीं चार म्हणतां येईल काय? तें जमत नाहीं, आणि याचा पुरावा मुलांच्या खेळण्यांत सांपडतो. जुन्या पद्धतीच्या फुटबॉलवर कातड्याचे १२ पंचकोनी आणि २० षट्कोनी तुकडे शिवलेले असतात. चेंडूच्या पृष्ठावरचा नकाशा एका तुकड्याला भोंक पाडून कागदावर पसरतां येतो, म्हणून मोजणी तीच लागू पडते. पंचकोनाला पांच शेजारी, षट्कोनाला सहा. चार शेजाऱ्यांचा तुकडा एकहि नाहीं. शेजाऱ्यांची बेरीज १८०, आणि तुकड्यांची सहापट १९२. तूट बरोबर बाराची, आणि पंचकोनहि बाराच. नुसते षट्कोन शिवून चेंडू कां होत नाहीं, हें यावरून कळतें.

एवढें हातीं आल्यावर चिताऱ्याची अडचण सुटते. त्यानें रंगविण्यापूर्वीं मुलुख एकेक करून काढून टाकावे, आणि प्रत्येक वेळीं पांच किंवा कमी शेजाऱ्यांचा मुलुख निवडावा. एक बिंदु काढल्यावर उरलेला आलेखहि प्रतलीयच असतो. म्हणून तसा पुढचा बिंदु मिळेल याची हमी दर पायरीला नव्यानें लाभते. समजा, त्यानें प्रथम उरुग्वे काढला, मग इक्वेडोर, मग फ्रेंच गियाना. त्यानंतर सुरिनाम, गियाना, व्हेनेझुएला आणि कोलंबिया हे याच क्रमानें काढीत जावे. आपापल्या पाळीला त्यांस दोनदोनच शेजारी उरलेले असतात. शेवटीं ब्राझील, पेरू, बोलिव्हिया, पॅराग्वे, अर्जेंटिना आणि चिली हे सहाच राहतात. दहा शेजाऱ्यांच्या ब्राझीलला आतां चारच शेजारी उरले, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

सहा मुलुख, सहा रंग: ब्राझील हिरवा, पेरू तांबडा, बोलिव्हिया पिवळा, पॅराग्वे निळा, अर्जेंटिना जांभळा, चिली तपकिरी. मग काढलेले मुलुख उलट क्रमानें परत ठेवावयाचे. कोलंबिया परत आला तेव्हां त्याचे पेरू व ब्राझील हेच शेजारी जागेवर आहेत. तांबडा व हिरवा वर्ज्य, म्हणून तो पिवळा केला. व्हेनेझुएलास पिवळा व हिरवा वर्ज्य, तो तांबडा. त्यापुढें गियाना पिवळा, सुरिनाम तांबडा, फ्रेंच गियाना पिवळा. इक्वेडोर ब्राझीलला भिडत नाहीं, म्हणून त्याला हिरवाहि चालतो. आणि उरुग्वे तांबडा. काम पुरें झालें. कोणत्याहि नकाशावर हीच रीत चालते, कारण परत येणाऱ्या मुलुखासमोर त्या क्षणीं फार तर पांच रंगविलेले शेजारी असतात. त्या पांचांनीं पांच वेगळे रंग अडविले, तरी सहावा मोकळाच राहतो.

या नकाशाला सहा रंग खरोखर लागतात असें मात्र कोणी समजूं नये. ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे आणि अर्जेंटिना हे चौघे परस्परांचे शेजारी असल्यामुळें चार रंग अपरिहार्य आहेत, एवढेंच. इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवितांना फ्रान्सिस गथ्री याला चारच पुरतात असें दिसलें, आणि १८५२ मध्यें त्याच्या भावानें तो प्रश्न लंडन येथें प्रोफेसर डी मॉर्गन यांस विचारला. १८७९ मध्यें केंप नांवाच्या एका बॅरिस्टरानें उत्तर छापलें. त्याचीहि सुरुवात पांच शेजाऱ्यांच्या मुलुखापासूनच होती. रंग सहांहून कमी असतां पांच शेजाऱ्यांनीं ते सारे अडविलेले असूं शकतात. तेव्हां शेजाऱ्यांपैकीं कोणाचे तरी रंग अदलाबदल करून एक मोकळा करावा लागतो. केंपनें चार रंगांसाठीं अशा दोन अदलाबदली एकदम केल्या, आणि एक दुसरीला बिघडवूं शकते हें त्याच्या नजरेंतून निसटलें. अकरा वर्षें ती चूक कोणाला दिसली नाहीं. १८९० मध्यें हीवुडनें ती दाखविली आणि त्याच युक्तीनें पांच रंगांचा सिद्धान्त मात्र पक्का केला. चार रंगांची सिद्धता अॅपेल आणि हाकेन यांनीं संगणक राबवून १९७६ मध्यें पुरी केली. सहा रंगांस यांतलें कांहींच लागत नाहीं. तेथें अदलाबदलीची वेळच येत नाहीं.

या रीतीची मर्यादा फ्रेंच गियानानेंच दाखवून दिली आहे. तो फ्रान्सचा भाग, म्हणून फ्रान्सच्याच रंगाचा हवा, असा हट्ट एखाद्या नकाशाकारानें धरला, तर महासागरापलीकडचे दोन तुकडे एकाच बिंदूंत कोंबावे लागतात. मग त्या बिंदूच्या रेषा इतर रेषांस छेदणार नाहींत असा भरंवसा राहत नाहीं, आणि ऑयलरच्या नियमाचा आधार सुटतो. असे विखुरलेले मुलुख पुष्कळ असले तर सहा रंग अपुरे पडूं शकतात. पृष्ठभाग बदलला तरी हिशेब बदलतो. हातांतल्या कड्याच्या आकाराच्या पृष्ठावर दोनाच्या जागीं शून्य येतें. बारांची तूट नाहींशी होते, आणि सहांपेक्षां अधिक शेजारी नसलेला एक मुलुख असेल एवढेंच म्हणतां येतें. तेथें याच रीतीनें सात रंग पुरतात. आणि तितके रंग खरोखरच लागतील असा सात मुलुखांचा नकाशा, ज्यांत प्रत्येक मुलुख उरलेल्या सहाहि मुलुखांना भिडतो, त्या कड्यावर काढतां येतो.