अपघातानंतर पालकांना पाठवायचे निवेदन

शाळेची बस वळणावर दुभाजकाला धडकली आणि दोन मुलांना खरचटले, असे समजा. घाईत लिहिलेला पहिला मसुदा बहुधा असा असतो: ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे भीषण अपघात झाला. पालकांनी घाबरून जाऊ नये.’ यातले ‘भीषण’ धडकी भरवते, ‘निष्काळजीपणा’ चौकशीआधीच निकाल देतो, आणि ‘घाबरू नका’ वाचताच पालक हटकून घाबरतात. शिवाय मुले कशी आहेत, हे त्यात कुठेच नाही.

दुरुस्त मसुदा मुलांपासून सुरू होतो: ‘बसमधील सर्व मुले सुखरूप घरी पोहोचली आहेत. सकाळी साडेसातच्या सुमारास बस दुभाजकाला धडकली. दोघांना किरकोळ दुखापत झाली. उपचार झाले असून त्यांच्या पालकांशी बोलणे झाले आहे. कारणाची चौकशी सुरू आहे. उद्या दुसरी बस येईल. अधिक माहितीसाठी मुख्याध्यापकांशी संपर्क साधावा.’

जखमी मुलांची नावे निवेदनात नसतात, आणि त्यांच्या घरी फोन झाल्याशिवाय ते इतरांना पाठवले जात नाही. ‘किरकोळ’ हा शब्दही डॉक्टरांनी तपासल्यावरच वापरायचा. डोक्याला मार असेल तर ‘निरीक्षणाखाली आहे’ एवढेच लिहितात. चौकशीनंतर कारण दुसऱ्या निवेदनात कळवले जाते.