डाळ एका खेपेत किती आणायची?

मैत्रिणींनो, आपल्या पापडाला वर्षाला १२०० किलो उडीद डाळ लागते असं धरा. एका खेपेला टेम्पो नि मजुरी मिळून ३०० रुपये जातात. डाळ वर्षभर ठेवली तर किलोमागे १८ रुपये पडतात: १२ कर्जाचं व्याज, ६ कीड-पोत्यांचे.

दर महिन्याला १०० किलो आणली, तर खेपांचे ३६००. घरात सरासरी निम्मी, म्हणजे ५० किलो पडून राहते, तिचे ९००. एकूण ४५००. दोन महिन्यांनी २०० आणली, तर १८०० आणि १८००, म्हणजे ३६०० च! दोन्ही खर्च सारखे होतात तिथेच एकूण खर्च सर्वांत कमी. वर्षाची एकदम भरली तर मात्र ११,१००.

हंगामात भाव उतरला, तर हिशेब नव्यानं मांडायचा.