पुस्तकातलं आकाश आणि काळाचौकीची गच्ची



चाळिशी-पन्नाशीत एखाद्याला तारे ओळखावेसे वाटतात. घरात बायनॉक्युलर असतं, कुणीतरी सहलीसाठी घेतलेलं, दोन-तीन हजारांचं. त्यावर बहुधा दहा गुणिले पन्नास असे आकडे असतात. वस्तू दहापट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास पन्नास मिलिमीटर, एवढाच त्यांचा अर्थ. एवढी साधनं पुरेशी आहेत. मग पुस्तक कोणतं घ्यावं, हा प्रश्न येतो आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. पुस्तक चांगलं असतं, पण त्यातलं आकाश आपल्या डोक्यावरचं नसतं.

बाजारात सहज मिळणारी इंग्रजी पुस्तकं बहुतेक इंग्लंड, अमेरिका, कॅनडातल्या वाचकांसाठी लिहिलेली असतात. तिथले बहुतेक वाचक आपल्या बरेच उत्तरेला आहेत आणि आपली मुंबई एकोणीस अंशांवर. दुकानात उभ्या उभ्या हे तपासता येतं. पुस्तकातला फेब्रुवारीचा नकाशा उघडा आणि ध्रुव तारा शोधा. ध्रुवाची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश. तो उत्तर क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध दाखवला असेल, तर ते पुस्तक तिकडचं. उत्तरेच्या कडेजवळ असेल, तर आपलं. मग त्याच नकाशाच्या दक्षिण टोकाला अगस्त्य आहे का बघा. व्याधाखालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा हाच. लंडनमधून तो कधीच दिसत नाही, म्हणून तिथल्या नकाशात त्याला जागाच नसते. आपल्या काळाचौकीतून मात्र तो दिसतो.

तिकडचं पुस्तक म्हणून ते टाकून द्यावं असं मी म्हणणार नाही. ते इथे कसं लावायचं, तेवढं कळलं पाहिजे. त्यासाठी एक वजाबाकी पुरते. नव्वदातून आपला अक्षांश वजा केला की एकाहत्तर उरतात. पुस्तकात प्रत्येक ताऱ्यापुढे त्याची क्रांती दिलेली असते, म्हणजे आकाशाच्या विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते. दक्षिणेची क्रांती एकाहत्तरातून वजा करा. तारा ऐन दक्षिणेला आल्यावर क्षितिजापासून किती उंच असेल, ते उत्तर मिळतं. अगस्त्याची क्रांती दक्षिण त्रेपन्न, म्हणून उंची अठरा अंश. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, तेव्हा अगस्त्य दोन मुठींच्या जरा खाली.

आता आपल्या भागात उंची म्हटली की इमारती आल्या. गिरण्या गेल्या आणि लालबाग-काळाचौकीत टॉवर उभे राहिले. साठ मीटर उंचीचा, म्हणजे वीसेक मजली टॉवर तुमच्या दक्षिणेला असेल, तर गच्चीवरून त्याचं अंतर निदान एकशे पंच्याऐंशी मीटर हवं, नाहीतर अगस्त्य त्याच्या आडच राहील. गच्ची स्वतः चार मजले वर असेल तर थोडी सवलत मिळते. हे आधी दिवसा पाहून ठेवावं. पुस्तक अशा गोष्टी सांगत नाही, आणि माणूस मात्र रात्री नकाशात चूक शोधत बसतो.

दुसरा फरक वेळेचा. नकाशाखाली लिहिलेलं असतं, पंधरा तारीख, रात्री आठ. ही वेळ बहुधा स्थानिक असते, म्हणजे त्या जागेच्या सूर्यावर बेतलेली. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि मुंबई सुमारे त्र्याहत्तरवर आहे. म्हणून मुंबईचं आकाश घड्याळाच्या एकोणचाळीस मिनिटं मागे असतं. गिरणगावाला हा हिशेब नवा नाही. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा इथल्या कामगारांनी तिच्याविरुद्ध काम बंद ठेवलं होतं, आणि मुंबईचा जुना ‘बाँबे टाइम’ महापालिकेने त्यानंतरही कित्येक वर्षं पाळला. तो ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे होता, प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे आहे. वजाबाकी करा, एकोणचाळीस मिनिटंच येतात. तेव्हा नकाशावर आठ लिहिलं असेल तर गच्चीवर आठ चाळीसला जा. एक महिना उशीर झाला असेल, तर तेच आकाश दोन तास आधी दिसेल.

हे सगळं एकदा प्रत्यक्ष करून पाहू. फेब्रुवारीचा मध्य धरा. साडेआठच्या सुमारास मृग नक्षत्र दक्षिणेकडे, पण चांगलं उंच असतं. त्याच्या पोटातले तीन तारे, ज्यांना आपण बाण म्हणतो, एका ओळीत आहेत. ही ओळ आग्नेयेकडे वाढवली की व्याध येतो. लालबागच्या दिव्यांतही तो चुकत नाही. व्याधाच्या दक्षिणेला चार अंशांवर एक तारकागुच्छ आहे. पुस्तकात त्याचं नाव एम एकेचाळीस. क्रांती दक्षिण एकवीस, म्हणजे आपल्याकडे तो पन्नास अंश उंच चढतो. लंडनमधून हाच गुच्छ अठरा अंशांच्या आसपास, क्षितिजाच्या धुरकटात असतो. म्हणून तिकडची पुस्तकं त्याच्याविषयी हात राखून बोलतात. पुस्तकात ‘खाली आहे, कठीण आहे’ असा शेरा दिसला, की मी तिथे पेन्सिलीने खूण करतो. त्या वस्तू आपल्यासाठी असतात.

व्याध ऐन दक्षिणेला येतो तो पावणेदहाच्या सुमारास. तेव्हाच बघा, कारण त्या वेळी नकाशातलं ‘दक्षिणेला’ म्हणजे सरळ ‘खाली’ होतं. संध्याकाळी व्याध आग्नेयेला असताना तेच ‘दक्षिणेला’ उजवीकडे कललेलं असतं, आणि नवखा माणूस तिथेच हरवतो. दहा गुणिले पन्नासच्या बायनॉक्युलरमध्ये एका वेळी सुमारे साडेसहा अंश आकाश मावतं. व्याध वरच्या कडेशी आणा, गुच्छ मध्याच्या जरा खाली आलेला असेल. काळाचौकीतून तो झगमगत नाही. एक धुरकट डाग आणि त्यात टोचल्यासारखे थोडे तारे, एवढंच दिसतं. कोपर कठड्यावर टेकवून थोडा वेळ बघत राहिलं तर आणखी दोन-चार तारे उमटतात.

इथे स्वस्त बायनॉक्युलर एक फसवणूक करतं. व्याधासारख्या तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश भिंगांत मागेपुढे परततो आणि दुसरीकडे एक फिकट ठिपका दिसतो. तो गुच्छ आहे की परावर्तन, हे ओळखायला बायनॉक्युलर किंचित हलवा. गुच्छ व्याधापासून तेवढ्याच अंतरावर, त्याच बाजूला राहतो. परावर्तन मात्र व्याध एकीकडे सरकला की उलट बाजूला पळतं.

आपल्या बायनॉक्युलरमध्ये नेमकं किती आकाश मावतं, तेही मृगावरून मोजता येतं. बाणाच्या दोन टोकांच्या ताऱ्यांमध्ये पावणेतीन अंशांचं अंतर आहे. ते अंतर अडीच वेळा मावलं तर साडेसहा-सात अंश झाले. मग पुस्तकातल्या नकाशाच्या कडेला क्रांतीचे आकडे बघा. समजा दहा अंशांना साठ मिलिमीटर जागा लागते. तर साडेसहा अंशांना एकोणचाळीस लागतील. पारदर्शक प्लॅस्टिकवर एकोणचाळीस मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून कापून ठेवा. नकाशावर ते जिथे ठेवाल, तेवढंच आणि तसंच बायनॉक्युलरमध्ये दिसणार, सुलटं. हे मुद्दाम सांगतो, कारण टेलिस्कोपसाठी लिहिलेल्या पुस्तकांत चित्रं बरेचदा उलटी किंवा आरशातल्यासारखी छापलेली असतात. ‘टर्न लेफ्ट ॲट ओरायन’ हे फार चांगलं पुस्तक आहे, पण ते मुळात लहान टेलिस्कोपवाल्यांसाठी आहे. बायनॉक्युलरवाल्याने ते पहिलं घेऊ नये.

पहिलं पुस्तक मराठी असावं, असं माझं ठाम मत आहे. मृग, रोहिणी, कृत्तिका, पुनर्वसू ही नावं आपल्या कानांत आधीपासून आहेत. कान आणि डोळे जुळायला तेवढं पुरतं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘ज्योतिर्विलास’ लिहिलं. ते कोकणातले, मुरूडचे, म्हणजे आपल्याच अक्षांशाजवळचे. गो. रा. परांजपे यांचा आकाशदर्शनाचा ॲटलासही कुठे मिळाला तर जरूर बघा. नायगावचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय काळाचौकीपासून काही लांब नाही. विकत घेण्याआधी तिथे जाऊन चौकशी करावी आणि पानं चाळावीत. जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ वाचाच, पण खोलीत बसून. तारे काय आहेत आणि का तळपतात, हे ते सांगतं. गच्चीवर न्यायचं पुस्तक वेगळं.

गच्चीवर नेण्यासाठी मी गॅरी सेरोनिकचं ‘बायनॉक्युलर हायलाइट्स’ सुचवीन. त्याच्या पहिल्या आवृत्तीत नव्व्याण्णव वस्तू आहेत आणि बायनॉक्युलरच्या दृष्टीने काढलेले नकाशे. बांधणी तारेची असल्यामुळे पान उलटून पूर्ण मागे नेता येतं. अंधारात एका हातात पुस्तक धरणाऱ्याला हे मोलाचं आहे. लेखक कॅनडाचा, म्हणून एकाहत्तरची वजाबाकी करत राहायचं. पुस्तक वाचायला टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक पांढरा झोत ते सगळं पुसून टाकतो.

या पुस्तकात दीर्घिकांची पानं येतील, ती काळाचौकीत उघडू नका. शहराच्या उजेडात दीर्घिकांचा फिका प्रकाश बुडून जातो आणि दोष मात्र आपण बायनॉक्युलरला देतो. देवयानी दीर्घिका तेवढी अपवाद, नोव्हेंबरच्या स्वच्छ रात्री तिचा मधला भाग पुसट दिसतो. बाकीची पानं शहराबाहेर, खगोल मंडळाच्या वांगणीच्या आकाशदर्शनाच्या रात्रींसाठी ठेवा. आणि वांगणीला मे महिन्यात गेलात, तर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकांचा गोल गुच्छ बघा. क्रांती दक्षिण साडेसत्तेचाळीस, उंची साडेतेवीस अंश, मेच्या मध्यावर साधारण साडेदहाला ऐन दक्षिणेला. तुमच्या पुस्तकात तो नसेल, तर मार्जिनमध्ये स्वतः लिहून घ्या.