शिकाऊ उमेदवारी मध्येच सुटली तर

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक आयटीआय करून एका कारखान्याच्या कार्यालयात वर्षाच्या शिकाऊ उमेदवारीवर लागली होती. सुरुवात 1 जुलैला झाली. एप्रिलमध्ये वडिलांना पक्षाघात झाला आणि 12 एप्रिलनंतर तिचं जाणं बंद झालं. फेब्रुवारी-मार्चचं विद्यावेतन आलेलंच नव्हतं. मागायला गेली तर उत्तर मिळालं, "मध्येच सोडलंस, आता काही मिळणार नाही."

आम्ही तिच्यासोबत बसून करारपत्र वाचलं. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा आहे. त्याच्या नियमाप्रमाणे महिन्याचं विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत द्यायचं असतं. म्हणजे फेब्रुवारीचे पैसे ती कामावर असतानाच थकले होते. हिशेब केला: महिना 8,000 प्रमाणे दोन महिन्यांचे 16,000 आणि एप्रिलच्या 12 दिवसांचे 3,200, मिळून 19,200 रुपये.

पण चूक तिचीही होती. नुसतं जाणं बंद केल्यानं करार संपत नाही. मुदतीआधी संपवायचा तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो. आपल्याकडे याची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये करता येते. उमेदवारानं करार मोडल्याचं ठरलं, तर प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून मागितला जाऊ शकतो. म्हणून तिनं वडिलांचे दवाखान्याचे कागद जोडून, खरं कारण लिहून तो अर्ज आधी दिला.

मग कारखान्याला पत्र लिहिलं. त्यात करार क्रमांक, रुजू झाल्याची आणि शेवटच्या दिवसाची तारीख, महिनावार थकबाकी आणि बँक खातं, एवढंच. रागाचा एक शब्द नाही. दोन प्रती नेल्या. एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली, आणि एक नक्कल सल्लागाराच्या कार्यालयात दिली. करारावरून वाद झाला तर त्याचा निर्णय सल्लागार देतो.

प्रमाणपत्राचं मात्र नीट समजून घ्या. मुदत पूर्ण करून परीक्षा पास झाल्यावरच शिकाऊ उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. तिला ते मिळणार नव्हतं, आणि आम्ही तसं ताईंना स्पष्ट सांगितलं. त्याऐवजी तिनं पत्रात लिहिलं, "मी 9 महिने 12 दिवस प्रशिक्षण घेतलं, कोणती कामं शिकले, याचा दाखला द्यावा."

तीन आठवड्यांनी पैसे खात्यात आले. दाखल्यासाठी आणखी दोन फेऱ्या पडल्या. पहिल्या दाखल्यात शेवटची तारीख 31 मार्च घातली होती. तिनं हजेरीची नोंद दाखवून ती दुरुस्त करून घेतली.

तुमच्या घरात कुणी शिकाऊ उमेदवार असेल, तर आजच करारपत्राची आणि बँक पासबुकाची झेरॉक्स काढून घरी ठेवा. आमच्या लेकीचं काम त्याच दोन कागदांवर झालं.