मैत्री राहील, खोली वेगळी

रत्नागिरीजवळच्या मिरजोळे एमआयडीसीत पाळ्यांनी काम करणारा एक तरुण डोळ्यांसमोर आणा. रात्रपाळी संपवून तो सकाळी खोलीवर येतो आणि दुपारपर्यंत झोपतो. संध्याकाळी थोडा वेळ त्याला कुणाशी बोलावंसंही वाटत नाही. अशात गावाकडच्या मित्राचा फोन येतो, "अरे, मला रत्नागिरीत नोकरी लागली. तुझ्याकडेच राहतो, भाडं निम्मं निम्मं!"

अशा वेळी तोंडून पटकन निघतं, "बघू या." आपल्या मनात तो नकार असतो, मित्र मात्र तो होकार धरतो. तो दुसरी खोली शोधत नाही आणि रुजू व्हायची तारीख जवळ येते. म्हणून उत्तर एक-दोन दिवसांत द्यावं, तेही प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर.

दुसरी पळवाट म्हणजे घरमालक. "मालक नको म्हणतात," असं सांगितलं, की मित्र म्हणणार, "मी बोलतो त्यांच्याशी." लहान गावात त्या दोघांची गाठ पडायला वेळ लागत नाही. सबबीवर तोडगा निघतो, आणि तो निघाला की आपल्याला नवी सबब शोधावी लागते. त्यापेक्षा खरं कारण सांगावं:

"तू विचारलंस, बरं वाटलं. पण मला एकट्यानंच राहायचंय. घरात कुणी नसतं म्हणून मला दिवसा झोप लागते. कामावरून आल्यावर थोडा वेळ मी गप्प असतो, तो वेळ मला लागतो. सख्खा भाऊ आला असता तरी हेच सांगितलं असतं."

शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोलावं.

मित्र म्हणेल, "मी अजिबात आवाज करणार नाही." त्यावर आणखी कारणं काढू नयेत, नाहीतर प्रत्येकावर वाद होतो. एवढंच म्हणावं, "तू करणार नाहीस, माहीत आहे. पण निम्मं भाडं भरून तुला चोरपावलांनी वावरावं लागेल आणि मला ते खटकत राहील." भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. एकदा त्याचं सामान आत आलं, की नकार दोघांनाही जड जातो.

मदत करायची तर तिची हद्द आधीच सांगावी. "खोली मिळेपर्यंत ये" म्हटलं तर मुक्कामाला शेवट राहत नाही. "पंधरा तारखेपर्यंत ये, तोवर सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून खोल्या बघू" हे स्पष्ट आहे. पण तेवढेही दिवस झेपणार नसतील, तर फक्त खोली शोधून द्यावी.

मित्र काही दिवस गप्प राहील. तेव्हा पुन्हा खुलासे करत बसू नये आणि अपराधी वाटून उत्तरही बदलू नये. त्याची खोली ठरली, की सामान चढवायला जावं आणि पुढच्या रविवारी त्याला जेवायला बोलवावं.